एकच रुंदी, दोन वेग

(दृश्य: जाड काचेच्या भिंती असलेली एक नळी. तिच्या कडेने बारीक भोकं, प्रत्येक भोकाला दाबमापकाची रबरी नळी जोडलेली.)

काचेतून दिसणारी ही वाट आधी निमुळती होत जाते, मधे तिचा गळा येतो आणि पुढे ती पुन्हा फाकते. डाव्या हाताला हवेची टाकी आहे, तापमान ३०० केल्विन, म्हणजे साधारण २७ अंश सेल्सिअस. उजव्या टोकाचा दाब आपल्याला हवा तेवढा खाली आणता येतो.

आता या दोन खुणा पाहा. एक गळ्याच्या अलीकडे, एक पलीकडे. दोन्ही ठिकाणी काटछेदाचं क्षेत्रफळ अगदी सारखं, गळ्याच्या १.६९ पट. अलीकडच्या खुणेपाशी हवा सेकंदाला १२७ मीटर वेगाने जाते आहे. पलीकडच्या खुणेपाशी ५१८ मीटर. मधे पंखा नाही, ज्योत नाही. रुंदी तीच, दर सेकंदाला जाणारी हवाही तेवढीच, आणि वेग मात्र चौपट.

बागेतल्या पाइपच्या तोंडावर बोट ठेवलं की पाणी जोरात उडतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यातून एक नियम मनात पक्का बसतो: वाट अरुंद झाली की वेग वाढतो. पाण्यापुरता तो खरा आहे, कारण पाणी जवळजवळ दबत नाही आणि विरळही होत नाही. हवेचं तसं नाही. वाहत्या हवेत घनता, वेग आणि क्षेत्रफळ या तिघांचा गुणाकार नळीभर सारखा राहतो. हवेचा वेग वाढायचा तर पुढचा दाब मागच्यापेक्षा कमी असावा लागतो, आणि दाब उतरला की हवा पसरते, विरळ होते. म्हणजे वेग वाढतो तेव्हा घनता घटतेच. प्रश्न एवढाच उरतो, की दोघांपैकी जास्त वेगाने कोण बदलतं.

इथे थोडं थांबू या, कारण सगळी गंमत याच पायरीवर आहे.

समजा हवेचा वेग १ टक्क्याने वाढवायचा आहे. हवा आधीच जोरात जात असेल, तर तो १ टक्काही मोठा असतो. शिवाय तेवढंच अंतर ती कमी वेळात पार करते, म्हणजे वाढ घडवायला वेळही कमी मिळतो. दोन्ही कारणं एकत्र आली की लागणारी दाबाची घट वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. आता दाब तेवढा उतरल्यावर हवा किती विरळ होईल? ते हवेच्या ताठपणावर ठरतं, आणि तो ताठपणा आवाजाच्या वेगाच्या वर्गात दडलेला आहे. म्हणून घनतेतली घट मोजायची तर हवेच्या वेगाला आवाजाच्या वेगाने भागायचं आणि वर्ग करायचा. त्या भागाकारालाच आपण मॅक संख्या म्हणतो.

मॅक ०.५ ला वेग १ टक्का वाढला, तर घनता पाव टक्काच घटते. वेगाची सरशी होते. तेवढीच हवा पाऊण टक्का कमी जागेतून जाऊ शकते, म्हणून वाट निमुळती हवी. मॅक २ ला मात्र त्याच १ टक्क्यासाठी घनता ४ टक्क्यांनी घसरते. विरळ झालेल्या हवेला आता ३ टक्के जास्त जागा लागते, म्हणून वाट फाकायला हवी.

(पडद्यावर सूत्र उमटतं.)

dA/A = (M² − 1) · du/u

इथे A म्हणजे क्षेत्रफळ, u म्हणजे वेग, M म्हणजे मॅक संख्या, आणि d म्हणजे त्यातला छोटा बदल. M एकाहून लहान असेल तर कंसातली किंमत ऋण येते, मोठा असेल तर धन. चिन्ह पालटण्याची जागा म्हणजे M बरोबर १, आणि तिथे क्षेत्रफळ बदलत नसतं. म्हणून या नळीत हवा आवाजाचा वेग गाठते ती गळ्यातच.

आता प्रश्न उलटा विचारू. सुपरसॉनिक, म्हणजे आवाजाहून वेगवान हवा निमुळत्या वाटेत शिरली, तर ती मंद का होते? अरुंद जागेची मागणी एकच असते: प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून जास्त हवा जाऊ दे. सबसॉनिक, म्हणजे आवाजाहून मंद हवा ही मागणी वेग वाढवून भागवते. मॅक २ च्या हवेने तसं केलं तर घनता इतकी कोसळेल, की दर चौरस सेंटिमीटरमधून उलट कमीच हवा जाईल. तिच्यापुढे एकच मार्ग उरतो, वेग सोडून दाट होण्याचा. १ टक्का मंद, ४ टक्के दाट.

आपल्या नळीत हे ताडून पाहू. टाकीतली घनता १ धरली, तर अलीकडच्या खुणेपाशी ती ०.९३४ आहे, गळ्यात ०.६३४ आणि पलीकडे फक्त ०.२३०. गळ्यातला वेग ३१७ मीटर. आता प्रत्येक ठिकाणी घनता, वेग आणि क्षेत्रफळ गुणा: तिन्ही वेळा उत्तर २०१ च्या आसपास येतं. मला हा हिशेब सूत्रापेक्षाही जास्त पटतो. तापमानही पाहा: पलीकडच्या खुणेपाशी ते १६७ केल्विनवर, म्हणजे उणे १०६ अंशांवर उतरलेलं असतं. म्हणून अशा प्रयोगात हवा आधी कोरडी करून घ्यावी लागते, नाहीतर आतली वाफ गोठून मापं बिघडवते.

स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी १८८८ च्या सुमारास वाफेच्या टर्बाइनसाठी अशीच आधी निमुळती, मग फाकणारी नोझल वापरली. पण नुसती नळी फाकली म्हणून हवा सुपरसॉनिक होत नाही. पलीकडची खूण हेच नळीचं टोक मानू. टोकाचा दाब टाकीच्या दाबाच्या ९१ टक्क्यांहून जास्त ठेवला, तर हवा गळ्यापर्यंत वेग घेते आणि पुढे मुकाट्याने मंदावते. त्याखाली आलो की गळ्यात मॅक १ येतो, पण फाकणाऱ्या भागात कुठेतरी शॉक उभा राहतो, म्हणजे एक पातळ पडदा, ज्याच्या आरपार हवा एकदम मंदावते आणि दाब एकदम वाढतो.

(दृश्य: दाबमापकांची रांग जवळून.)

तो ओळखायचा कसा, हे या रांगेत दिसतं. भोकामागून भोक दाब उतरत जातो, आणि एका भोकापाशी एकदम वर उसळतो. शॉक आहे तो तिथे. त्या पातळ पडद्याच्या आरपार आपलं सूत्र चालत नाही, कारण तिथला बदल सावकाश होत नाही. टोकाचा दाब सुमारे ५७ टक्क्यांपर्यंत उतरला की शॉक ढकलला जात नळीच्या तोंडाशी येतो. त्याखाली फाकणारा सगळा भाग सुपरसॉनिक राहतो.

आता उलट्या नळीचं पाहू, म्हणजे मॅक २ ची हवा आत घेणारं निमुळतं तोंड. सूत्र म्हणतं, तोंडाच्या ५९ टक्क्यांपर्यंत वाट अरुंद करा, हवा हळूहळू मंदावत गळ्यात मॅक १ ला येईल. प्रत्यक्षात अशी नळी सुरूच होत नाही. सुरुवातीला तोंडापुढे शॉक उभा असतो. त्यातून जाताना, हवा पूर्ण थांबवली तर जो दाब परत मिळाला असता, त्याचा काही भाग वाया जातो, आणि तेवढी हवा त्या चिंचोळ्या गळ्यातून मावत नाही. उरलेली बाजूने सांडते, शॉक तिथेच अडून बसतो. तो आत घ्यायचा तर गळा निदान ८२ टक्के तरी उघडा हवा. म्हणून गळा हलता ठेवतात: आधी मोकळा करायचा, शॉक आत ओढला जाऊन गळ्यापलीकडे गेला की मगच गळा हळूहळू आवळत आणायचा, ५९ टक्क्यांच्या थोडा अलीकडेच थांबून.