चाकाची फूटपट्टी

नमस्कार श्रोतेहो. कोथरूडमध्ये माझं सायकलचं छोटं दुकान आहे. हल्ली गिऱ्हाइकाच्या आधी त्याचा फोटो दुकानात पोचतो. गेल्या महिन्यात कर्वेनगरच्या एका आजोबांनी नातीचा फोटो पाठवला. सोसायटीतल्या मैत्रिणीची वीस इंची सायकल, शेजारी ही सहा वर्षांची मुलगी, एक हात हँडलवर. खाली प्रश्न होता, "हीच साइज घेतो. उंचीला बरोबर दिसतेय ना?"

दिसत होती खरी. सीट तिच्या कमरेच्या जरा खाली होती, हँडल छातीशी होतं. शेजारी उभं राहून सीट कमरेच्या हाडाशी आली की झालं, हा आपला जुना हिशेब. तो चालतो, पण ज्याला सायकल येते त्याला. शिकणाऱ्याला सीटवर बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीला टेकवता आले पाहिजेत. म्हणजे सीट कमरेशी नाही, पाय जिथे सुरू होतात तिथे हवी. दोन्ही मांड्या जिथे मिळतात तिथपासून जमिनीपर्यंतचं अंतर, त्याला मी पायाची उंची म्हणतो. फोटोत शोधायची ती.

आता फोटोत सेंटिमीटर कसे मोजायचे? फूटपट्टी फोटोतच असते : सायकलचं चाक. टायरच्या बाजूला आकडे कोरलेले असतात. मी आजोबांना म्हटलं, "काका, टायरचा जवळून एक फोटो काढा." त्यावर 20 x 1.75 होतं आणि शेजारी 47-406. यातले ४०६ म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. ४७ ही टायरची जाडी. जाडी वर एकदा, खाली एकदा, म्हणजे ४०६ आणि ९४ मिळून ५०० मिलिमीटर. चाक बरोबर अर्धा मीटर उंच. हे आकडे विचारावेच लागतात, कारण हल्ली मोटरसायकलसारखे जाड टायर लावलेल्या सायकली आल्यात. त्याही वीस इंचीच म्हणवतात, पण त्यांचं चाक साठ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. तिथे अर्धा मीटर धरलात तर पुढचं सगळं गणित चुकलं.

फोटो मोबाइलवर मोठा केला आणि शाळेची पट्टी पडद्यावर ठेवली. चाक जमिनीपासून वरपर्यंत २५ मिलिमीटर भरलं. चाकाचं माप उभंच घ्यायचं, आडवं नाही. सायकल जरा तिरकी उभी असली की चाक अंड्यासारखं दिसतं, आडवं माप आक्रसतं, उभं मात्र फारसं बदलत नाही. तर २५ मिलिमीटर म्हणजे ५० सेंटिमीटर. पडद्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे खरे दोन सेंटिमीटर. सीट ३५ मिलिमीटरवर होती, म्हणजे ७० सेंटिमीटर. मुलीच्या पायाची उंची २७, म्हणजे ५४ सेंटिमीटर. पूर्ण मुलगी ६१, म्हणजे १२२ सेंटिमीटर.

इथेच थांबलो असतो तर फसलो असतो. आजोबांना म्हटलं, तिला त्याच बुटांत दाराच्या चौकटीला उभी करा, पेन्सिलने खूण करा आणि टेपने मोजा. उत्तर आलं ११३. फोटोनं मुलीला नऊ सेंटिमीटर उंच केलं होतं!

कारण साधं आहे. मुलगी सायकलीच्या पुढे उभी होती, कॅमेऱ्याच्या जवळ. जवळचं मोठं दिसतं. फोटो मुलापासून बारा फुटांवरून काढला आणि मूल सायकलीच्या फूटभर पुढे असलं, तर ते सायकलीच्या मानानं आठ टक्के मोठं दिसतं. हाच फोटो पाच फुटांवरून काढला तर वीस टक्के. आपल्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये काढलेल्या फोटोंत लहानगी पोरं मोठमोठ्या सायकलींशेजारी ऐटीत शोभतात, ती याचमुळे.

११३ वर नऊ म्हणजेही साधारण आठ टक्केच. मग ५४ मधून ते आठ टक्के काढले. राहिले ५०. सीट मात्र ७० वरच, कारण ती चाकाच्याच रेषेत आहे, तिचं माप बिघडलेलं नाही. सीटखालची उघडी दांडी पडद्यावर चार मिलिमीटर दिसत होती. म्हणजे सीट फार तर आठ सेंटिमीटर खाली जाईल, ६२ पर्यंत. पाय ५० चे, सीट ६२ वर. बारा सेंटिमीटर अधांतरी. बसली तर तळवे सोडाच, चवडेही टेकणार नाहीत.

मी सोळा इंची सुचवली, तसा आजोबांचा आवाज पडला. "अहो, पण सोळा इंची वर्षात तोकडी होईल. वाढत्या अंगाची घ्यावी ना!" मी म्हटलं, काका, परकर वाढत्या अंगाचा शिवता येतो, दुमड घालता येते. सायकलला दुमड नसते. त्यावर ते म्हणाले, "आम्ही तासावर भाड्यानं मोठ्या सायकली घेऊन, मधून पाय घालून, हाफ पायडल शिकलोच की." खरंय. गुडघ्यावरच्या खुणाही दाखवल्या त्यांनी नंतर.

पण तोकडी होण्याचाही हिशेब करू. या वयात मूल वर्षाला साधारण सहा सेंटिमीटर वाढतं. त्यातले पायांचे तीनएक. आज सीट ५० वर. तोल सावरता आला की सीट हळूहळू पाच-सहा सेंटिमीटर वर घ्यायची, चवडे टेकले तरी पुरे. दोन वर्षांनी पाय ५६ चे होतील, तेव्हा सीट ६२ च्या आसपास लागेल. म्हणजे सोळा इंचीची सीट ५० पर्यंत उतरत असेल आणि ६२ पर्यंत चढत असेल, तर ती दोन वर्षं पुरते. चढवताना एक बघायचं : सीटच्या दांडीवर आडव्या रेघांची खूण असते, ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. दिसली तर दांडी आत पुरेशी उरलेली नाही, वाकेल किंवा निसटेल.

तुम्हाला फोटो पाठवायचाच असेल तर मुलाला सायकलीच्या पुढे नको, मागच्या चाकाच्या मागे, दोन्ही चाकांच्या रेषेत उभं करा. मग ते आठ टक्क्यांचं भांडणच मिटतं. तुम्ही पंधरा फूट मागे जा आणि मोबाइल सीटच्या उंचीवर धरा. उभ्यानं, वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं येतं आणि पाय आखूड. ही चूक दाराच्या चौकटीनंही पकडता येत नाही. आणि मुलाला घट्ट पँट घाला. घोळदार पायजम्यात पाय कुठे सुरू होतात ते कुणी सांगावं?

फोटोत न दिसणारं एकच सांगतो, ते म्हणजे ब्रेक. बोटं लिव्हरपर्यंत पोचतात का आणि ते दाबण्याएवढा जोर आहे का, हे दुकानातच कळतं.

आजोबा नातीला घेऊन शनिवारी आले. तिच्या पायांमध्ये वही धरून भिंतीशी माप घेतलं, ५० नाही, ५१ निघालं. सोळा इंचीची सीट ५० वर बसवली. मुलगी बसली, दोन्ही बूट फरशीवर सपाट टेकले. तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर घंटी वाजवली. आजोबांनी खिशातून पेन्सिल काढून सीटच्या दांडीवर एक बारीक रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली.