चिक्की मोडताना

(दृश्य: लोखंडी कढई, मंद आच. फोडलेला गूळ कडेने वितळू लागतो.)

कढईत ८०० ग्रॅम चिक्कीचा गूळ आहे आणि सोबत दोन चमचे तूप. पाणी घातलेले नाही. बाजूच्या परातीत एक किलो भाजून सोललेले शेंगदाणे तयार आहेत. यातून साधारण पावणेदोन किलो चिक्की उतरेल. दुकानात हातात येणारी वडी चांगली की वाईट, हे पुढच्या वीस मिनिटांत या कढईवर ठरते. काय ठरले, ते वडी मोडली की वाचता येते.

(दृश्य: दोन गुळांचे खडे शेजारी शेजारी. एक हाताने मोडताच भुगा होतो, दुसरा ताणला जातो.)

डावीकडचा साधा गूळ. दाबला की भुसभुशीत होतो, कारण त्यातल्या साखरेचे कण बसलेले असतात. पुरणाला, लाडवाला आणि मऊ तिळगुळाला तो उत्तम. उजवीकडचा चिक्कीचा गूळ. रंग गडद, अंगाला चकाकी, आणि मोडायला गेलो तर चिवटपणे ताणतो. या गुळात साखर सहजासहजी कणीदार होत नाही, म्हणून त्याचा पाक थंड झाल्यावर काचेसारखा पारदर्शक आणि कडक राहतो. साध्या गुळाची चिक्की केली तर ती पहिल्या दिवशी ठीक लागते, पण मग आतून रवाळ होते आणि मोडताना कडा ढासळतात. कडेला मातकट, निस्तेज रंग आणि बोटाला भुगा लागणारी वडी दिसली, तर गूळ चुकला असे समजायला हरकत नाही. पाक कढत असताना फार ढवळला तरीही हेच होते.

(दृश्य: गुऱ्हाळ. काहिलीत उकळणारा रस, वर आलेली मळी झाऱ्याने काढली जाते.)

गुळाची परीक्षा खरे तर इथून सुरू होते. रस तापू लागला की भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात, त्याने मळी वर येते आणि ती काढून टाकली जाते. मळी नीट काढली तर गूळ स्वच्छ निघतो, पण त्याचा रंग तपकिरीच राहतो. बाजारात मात्र पिवळाधमक गूळ लवकर खपतो. म्हणून काही ठिकाणी काहिलीत हायड्रॉस नावाच्या रसायनाची पावडर टाकून रंग उडवतात. तसा गूळ सुरुवातीला सोनेरी दिसतो आणि साठवणीत पुन्हा काळवंडतो. गुळव्याच्या हातात रंग येत असतो तो उसाच्या जातीतून, जमिनीतून आणि आचेतून. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ जिभेला खारट लागतो. रस जास्त आटला असेल तर शेवटी कडवट चव रेंगाळते. या दोन्ही चवी चिक्कीत लपत नाहीत.

मात्र चिक्कीच्या रंगावरून गुळाचा निवाडा करताना घाई करू नये. पाक कढताना मूळ रंग आणखी गडद होतो. उलट पाकात चिमूटभर खायचा सोडा टाकला तर तो फसफसतो, आत बारीक हवा अडकते आणि वडी फिकट, हलकी होते. अशी वडी खुसखुशीत लागते आणि तिच्यात खोट काहीच नसते. फिकेपणा सोड्याचा की गुळाचा, हे मोडलेल्या कडेवर कळते. सोडा असेल तर बारीक छिद्रे दिसतात.

खात्री करायची असेल तर वडीचा तुकडा पेलाभर गरम पाण्यात टाकून विरघळू द्यावा. दाणे वेगळे होतात, पाणी तपकिरी होते. अर्ध्या तासाने पेल्याच्या बुडाशी पांढरा, खडूसारखा गाळ बसला तर गुळात भेसळ आहे. दाण्यांचे बारीक कण खाली बसतात ते निराळे, ते बोटाने चुरडले की तेलकट लागतात.

(दृश्य: कढईतला पाक. मोठे फुगे लहान आणि दाट होत जातात. वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब.)

आता पाकाकडे बघा. पहिला थेंब पाण्यात पसरला. दोन मिनिटांनी टाकलेल्या थेंबाची गोळी झाली, पण ती बोटात चपटी होते. इतक्यावर दाणे घातले तर चिक्की वाकेल, दाताला चिकटेल आणि कागद सोडणार नाही. आणखी थोडे थांबायचे. गोळी घट्ट होते, ताणली की तार येते. अजूनही नाही. हा थेंब पाहा: पाण्यातून काढून ताटात टाकला तर टक् असा आवाज आला आणि दाताखाली तो फुटला, चिकटला नाही. थर्मामीटर लावला तर पाक इथे साधारण १४५ ते १५० अंश सेल्सिअस असतो. एवढ्या आचेवर पाण्याचा अंश जवळजवळ उडून गेलेला असतो, म्हणूनच वडी कडक राहते.

यानंतर मिनिटभराची उसंतही नसते. गॅस बंद करून दाणे लगेच घालायचे, आणि तेही कोमट. गार दाणे पडले तर पाक त्यांच्याभोवती आधीच गोठतो आणि लाटताना वडी फुटते. उशीर झाला तर पाक करपतो. करपलेली वडी काळपट दिसते आणि गोडाआधी कडू लागते.

(दृश्य: तेल लावलेल्या पाटावर मिश्रण, लाटणे फिरते, गरम असतानाच सुरीने काप.)

पाटाला आणि लाटण्याला तेलाचा नुसता हात लावलेला आहे. चांगल्या चिक्कीला वरून एवढेच तेल लागते. बाकीची स्निग्धता दाण्यांतून येते, कारण शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेलच असते.

म्हणून वेष्टनातली वडी कोऱ्या कागदावर दहा मिनिटे ठेवून बघावी. पुसटसा डाग पडला तर काळजी नाही. पारदर्शक, पसरत जाणारा डाग पडला तर एकतर पाटाला तेल भरपूर ओतले आहे, किंवा दाणे जास्त भाजल्याने त्यांचे तेल बाहेर आले आहे. वेष्टनावरच्या घटकांत पाम तेल किंवा वनस्पती तूप दिसले, तर ती वडी निवडण्याचे कारण उरत नाही. साखर आणि लिक्विड ग्लुकोजचेही तसेच. ग्लुकोजने चकाकी येते आणि पाक रवाळ होत नाही, म्हणजे चिक्कीच्या गुळाचे काम ते स्वस्तात करते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिले नाव शेंगदाण्याचे असावे, दुसरे गुळाचे.

(दृश्य: वडी मोडली जाते. मोडलेली कड अगदी जवळून, दाण्याचे दोन अर्धे दिसतात.)

हे दृश्य नीट पाहा, कारण घरी करायची परीक्षा हीच आहे. दाणा मधोमध चिरला गेला आहे आणि त्याचा आतला भाग सर्वत्र एकसारखा, फिकट बदामी आहे. आत पांढरट आणि कडेला तपकिरी असता, तर मोठ्या आचेवर घाईने भाजला असे कळले असते. असा दाणा कच्चा लागतो आणि चिक्की लवकर मऊ पडते. काळा, सुरकुतलेला दाणा दिसला तर ती वडी खाऊ नये. बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असू शकते, ते यकृताला घातक असते आणि भाजल्याने पूर्ण जात नाही.

खवटपणा मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेलाही पटकन कळत नाही. गुळाची गोडी आणि वेलचीचा वास पहिले काही क्षण तो झाकून टाकतात. त्यासाठी वडीतला एक दाणा सुटा काढायचा, त्यावरचा पाक कोमट पाण्यात धुऊन काढायचा, दाणा पुसायचा आणि नुसताच सावकाश चावायचा. ताजा दाणा शेवटपर्यंत गोडसर राहतो. खवट दाण्याचा घशाशी कडवट, जुन्या तेलाचा वास येतो. दाण्याचे तेल हवेशी संयोग पावून बिघडते. म्हणून कूट किंवा तुकडे घातलेली चिक्की अख्ख्या दाण्याच्या चिक्कीपेक्षा आधी खवट होते. तुकड्यांना हवा जास्त लागते, एवढेच कारण.

(दृश्य: तीळ भाजताना तडतडतात. तिळाच्या चिक्कीची पातळ पत्री उजेडासमोर धरलेली.)

तीळ या बाबतीत टिकाऊ. तिळाच्या तेलात निसर्गतःच त्याला जपणारी द्रव्ये असतात. पण तीळ निवडलेले नसतील तर दाताखाली कचकन वाळू लागते, आणि ती चिक्कीतून काढता येत नाही. पांढरेशुभ्र पॉलिशचे तीळ दिसायला देखणे असतात, पण तिळातले कॅल्शियम मुख्यतः सालीत असते आणि सालीबरोबर ते जाते. न सोललेल्या, तपकिरी तिळाची वडी किंचित उग्र लागते. ती घ्यावी.

(दृश्य: दोन पाकिटे उलटी करून, पोषणमूल्यांच्या तक्त्यावर बोट.)

आता पैशांचा हिशेब. शेंगदाणे गुळापेक्षा बरेच महाग, त्यामुळे स्वस्तात विकायची वडी गुळाने भरली जाते. हे पाकिटावरून पकडता येते. गुळात प्रथिने नगण्य असतात. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे साधारण २५ ग्रॅम. म्हणजे चिक्कीच्या तक्त्यातली प्रथिने चारने गुणली की १०० ग्रॅममधले दाणे अंदाजे कळतात. पहिल्या पाकिटावर १४ आहेत, म्हणजे ५६ ग्रॅम दाणे. दुसऱ्यावर ९, म्हणजे फक्त ३६, उरलेला जवळजवळ सगळा गोडवा. कढईतल्या आपल्या प्रमाणाचा हिशेब पहिल्या पाकिटाच्या जवळ येतो. त्यातल्या ३० ग्रॅमच्या वडीत सुमारे १४५ कॅलरी आणि ४ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. किंमत जोडताना वडीचा भाव बघू नये, १०० ग्रॅमचा भाव काढावा आणि तो दाण्यांच्या ग्रॅमशी ताडावा. मधुमेह असेल तर गूळही साखरच आहे, आणि लहान मुलांना अख्ख्या दाण्याची कडक वडी देऊ नये.

(दृश्य: घट्ट झाकणाचा डबा, वड्यांमध्ये बटर पेपर.)

गूळ हवेतला ओलावा ओढतो, त्यामुळे उघडी चिक्की पावसाळ्यात एका दिवसात चिकट होते. घट्ट डब्यात, वड्यांमध्ये कागद घालून ठेवली तर महिनाभर कडक राहते. सुटी चिक्की घेताना दुकानदाराला केल्याची तारीख विचारावी आणि उन्हातल्या काचेच्या बरणीतली घेऊ नये, कारण उजेड आणि उष्णता दोन्हींनी दाणे लवकर खवट होतात. मऊ पडलेली पण ताजी चिक्की कुटून तिचे लाडू वळता येतात. खवट चिक्कीचे काहीच करता येत नाही, ती टाकून द्यावी लागते.