पैसे घेतले हे कुठल्या स्लाइडवर सांगायचं?

आयोजकांनी विषय दिलाय, ‘पैसे घेऊन केलेली शिफारस विश्वासार्ह कशी ठेवायची’. त्याकडे येतोच. आधी माझी एक तक्रार ऐका.

एका कंपनीने पाठीवरच्या सॅकसाठी इन्स्टाग्रामवर आठ स्लाइडचं कॅरोसेल, म्हणजे बाजूला सरकवत बघायची पोस्ट, मागितलं. मी सॅक वापरली, मसुदा पाठवला. पहिल्याच स्लाइडवर लिहिलं होतं, ‘या पोस्टचे पैसे मला कंपनीने दिले आहेत.’ उत्तर आलं, ‘छान झालंय! ती ओळ तेवढी शेवटच्या स्लाइडवर घ्या.’ अहो, शेवटच्या स्लाइडपर्यंत पोचतं कोण? माझी सख्खी बहीण तिसरीवर सोडून देते! (हशा) मग म्हणाले, कॅप्शनच्या तळाशी हॅशटॅगांमध्ये टाका. म्हणजे ‘more’ दाबेल त्यालाच कळणार. दाबतं का कुणी? हात वर करा. बघा.

मी पहिल्या स्लाइडवर अडून बसलो, पण तेवढंही पुरत नाही. पहिली स्लाइड बघून तुम्ही पोस्ट सोडून पुढे गेलात, तर इन्स्टाग्राम कधीकधी तीच पोस्ट नंतर दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. शिवाय लोक एखाद्याच स्लाइडचा स्क्रीनशॉट काढून मैत्रिणीला पाठवतात. त्यात नावाखालचं ‘Paid partnership’ लेबल कापलं गेलं, की उरते नुसती स्तुती. म्हणून लेबल लावायचंच, आणि प्रत्येक स्लाइडवर एकाच जागी, वाचता येईल अशा रंगात ‘सशुल्क जाहिरात’ हेही लिहायचं. पांढऱ्यावर फिकट राखाडी चालणार नाही. डिझायनर मंडळी, तुमच्याकडेच बघतोय.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. मूळ विषय आता पळवतो.

पैशांनी काय विकत घेतलं, ते दुसऱ्या स्लाइडवर सांगा. सॅकच्या बाबतीत मी लिहिलं: ‘पोस्टचे पैसे मिळाले, सॅक फुकट मिळाली, मापं कंपनीने तपासली, मत माझं.’ शेवटचे दोन शब्द खरे ठरायचे तर करारात आधीच हवं, की कंपनी तथ्यांची चूक दुरुस्त करेल, मताला हात लावणार नाही. पोस्ट तयार झाल्यावर हे मागितलं तर मिळत नाही.

मग उणीव. कंपनीने सुचवलेली उणीव होती, ‘रंग अजून हवे होते.’ ही कसली उणीव! जी वाचून एखादा गिऱ्हाईक खरंच मागे फिरेल, ती उणीव. माझी होती, जोराच्या पावसात चेनमधून पाणी आत येतं. ती तिसऱ्या स्लाइडवर टाकली, आणि खाली लिहिलं, ‘पावसात रोज लॅपटॉप नेणाऱ्यांनी ही घेऊ नये.’ कंपनीने ‘पाणी’ऐवजी ‘थोडा ओलावा’ सुचवलं. आतल्या ओल्या वहीचा फोटो पाठवला, तेव्हा विषय संपला.

शेवटचं, उठता उठता: लिंकवरून विक्री झाली की कमिशन मिळणार असेल, तर तो पोस्टच्या मानधनाहून वेगळा पैसा आहे. तो लिंकच्या शेजारीच सांगा, कारण मानधन एकदाच मिळतं, कमिशन मात्र लिंक चालू असेपर्यंत येत राहतं.