नव्वद सेकंद, तीन माणसं, सहा आठवडे

समजा, ठिबक सिंचनावर 90 सेकंदांची अ‍ॅनिमेशन फिल्म करायची आहे. शेतकरी, त्याची मुलगी आणि वळण घेत येणारा ट्रॅक्टर. तिघांची टीम, सहा आठवडे. सुटे भाग सांध्यांवर हलवायचं कटआउट, एकेक चित्र हातानं काढायचं फ्रेम-बाय-फ्रेम की थ्रीडी, हे स्टोरीबोर्ड हातात येईपर्यंत ठरवूच नका. निवड अख्ख्या फिल्मची नसते, एकेका शॉटची असते.

फ्रेम-बाय-फ्रेम सगळ्यांना हवं असतं, म्हणून आधी त्याचाच हिशोब. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 2160 फ्रेम झाल्या. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तरी 1080 चित्रं. रफ, क्लीनअप आणि रंग मिळून चित्रामागे 20 मिनिटं धरली, तर 360 तास. तिघांनी रोज सहा तास नुसती चित्रं काढली तरी वीस दिवस गेले, तेही पडद्यावर एकच पात्र असेल तर. त्यावर शेवटच्या आठवड्यात क्लायंट म्हणतो, ‘शेतकऱ्याला टोपी घाला.’ कटआउटमध्ये टोपी एकदा काढून रिगला, म्हणजे पात्राच्या सुट्या भागांच्या सांगाड्याला, जोडली की बहुतेक काम भागतं. फ्रेम-बाय-फ्रेममध्ये शेतकरी दिसतो ते प्रत्येक चित्र पुन्हा हातात घ्यावं लागतं.

म्हणून दोन्ही पात्रं कटआउटमध्ये. पहिला आठवडा रिगलाच द्या: समोरून, पाऊण वळलेलं आणि बाजूनं, अशी तीन रूपं, तोंडाचे आठ आकार, पंजाचे पाच-सहा. बिघडतं ते कोपरात. दंड आणि पुढचा हात जिथे मिळतात तिथे दोन्ही टोकं सारख्याच मापाच्या वर्तुळाची हवीत, एकावर एक बसलेली, आणि पिव्हट, म्हणजे हात ज्याभोवती फिरतो तो बिंदू, नेमका त्या वर्तुळाच्या मध्यावर. तो जरा सरकला की हात वाकताना सांध्यात खाच पडते किंवा कोपरा बाहेर येतो. अ‍ॅनिमेशन सुरू करण्याआधी हात 120 अंशांत वाकवून बघा. दोष लगेच दिसतो.

कटआउट हरतं ते पात्र गर्रकन वळतं तेव्हा, किंवा कॅमेऱ्याकडे हात पुढे करतं तेव्हा. तेवढी आठ-दहा चित्रं हातानं काढायची.

थ्रीडीत माणसं करायचा मोह या मुदतीत टाळाच. हात वर केला की खांदा चेपतो आणि वेट्स, म्हणजे कुठलं हाड कातडी किती ओढतं ते, दुरुस्त करण्यात दिवस जातात. शिवाय फ्रेमला तीन मिनिटं धरली तरी अख्ख्या फिल्मचा रेंडर एका मशीनवर 108 तास. ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. त्याचं अंग कुठे वाकत नाही, चाकं फक्त फिरतात, पण तो वळताना हातानं काढायचा म्हणजे पर्स्पेक्टिव्ह जीव खातं. तो ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करा, हातानं काढल्यासारखं दिसणारं टून शेडिंग द्या, पारदर्शक पार्श्वभूमीच्या PNG काढा. मात्र एकाआड एक फ्रेमच रेंडर करून प्रत्येक दोनदा वापरा, आणि पात्रांच्या हालचालीही दोन-दोन फ्रेमवरच ठेवा. नाहीतर ट्रॅक्टर पात्रांपेक्षा गुळगुळीत चालतो आणि दुसऱ्याच फिल्ममधून आल्यासारखा वाटतो.

सगळ्यात अवघड शॉटचे तीन सेकंद पहिल्या दोन आठवड्यांत रंगासकट पुरे करा. त्याला दोन दिवसांहून जास्त लागले, तर माणसं वाढवू नका. स्टोरीबोर्डमधली ती अवघड हालचाल काढून तिथे कट घ्या.