शिलंगणाचे सोने आणि मुळाची माती

(सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

पत्रिकेवर माझा विषय ‘दसरा : हत्यारांची पूजा आणि नव्या व्यवहाराचा आरंभ’ असा छापला आहे आणि त्याला मी बांधील आहे. मात्र हत्यारांकडे वळण्यापूर्वी मला पानांविषयी थोडे बोलायचे आहे. ज्यांनी मला यापूर्वी ऐकले आहे, त्यांना हे ‘थोडे’ किती लांबते याची कल्पना असल्यामुळेच बहुधा मागच्या रांगा आधी भरल्या आहेत.

मी आयुष्यभर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. त्या व्यवसायाचा एक दुष्परिणाम असा की, खंडेनवमीच्या संध्याकाळी झेंडू आणायला मंडईत गेलो की मला झेंडू दिसतच नाही, पानांच्या जुड्याच दिसतात. रस्त्याच्या दुतर्फा पोती अंथरून आपट्याची म्हणून जी पाने विकली जातात, त्यांतली पुष्कळशी आपट्याची नसतात, कांचनाची असतात. एका वर्षी न राहवून मी एका विक्रेतीला म्हणालो, “मावशी, हा आपटा नव्हे, कांचन आहे.” तिने माझ्याकडे शांतपणे पाहिले आणि उत्तर दिले, “काका, आपट्यासाठी डोंगरात जावं लागतंय, ह्ये हितंच मिळतंय. आन् घेणाऱ्यानं आजवर कुणी इचारलं न्हाई, तुमीच पयले.” बोलताना तिचे हात चालूच होते, आणि त्या हातांनी ती फांद्यांवरच्या जांभळ्या कळ्या खुडून बाजूला टाकत होती. याचा अर्थ काय ते तिला ठाऊक होते आणि मलाही, कारण आपट्याची फुले बारीक, पांढुरकी-पिवळसर असतात आणि ती उन्हाळ्यात येतात. आश्विनात जांभळी-गुलाबी मोठी फुले धरणारे झाड रक्तकांचन होय. मी झेंडू घेऊन घरी आलो. तिच्यावर रागावण्याचे मला कारण नव्हते. रागावायचे असेल तर घेणाऱ्यांवर, म्हणजे या सभागृहावर, रागावावे लागेल.

म्हणून आधी ओळख सांगतो. ‘आपट्याचे पान लहान, कांचनाचे मोठे’ एवढी एकच खूण बहुतेकांना ठाऊक असते आणि तीच फसवते, कारण कांचनाच्या कोवळ्या फुटीची पाने लहान असतात, तर तोडलेल्या आपट्याच्या बुंध्यातून जोमाने येणाऱ्या फुटीची पाने नेहमीपेक्षा मोठी निघतात. त्यामुळे पान हातात घेऊन पाहावे. आपट्याचे पान लांबीपेक्षा रुंदीला अधिक, जाड आणि चामड्यासारखे चिवट असते, त्याची मागची बाजू फिकट असते आणि तिच्यावर बारीक लव जाणवते. विड्या वळण्यासाठी हे पान वापरले जाते ते या चिवटपणामुळेच. कांचनाचे पान त्या मानाने पातळ आणि गुळगुळीत असते. पूर्ण वाढले की ते तळहाताएवढे होते. झाडच समोर असेल तर शेंगा पाहाव्यात. कांचनाची शेंग चपटी पट्टीसारखी असते, वाळली की पीळ खाऊन उकलते आणि बिया दूर उडवते. आपट्याची शेंग फुगीर, थोडी वाकलेली असते आणि न उकलता कितीतरी दिवस झाडावर लोंबत राहते.

आता कोणी म्हणेल, कांचन तर कांचन, नावातच सोने आहे, बिघडले काय? बिघडते ते असे की, रक्तकांचन नेमके याच दिवसांत फुलोऱ्यावर येते आणि त्याच वेळी आपण त्याच्या फांद्या उतरवतो, म्हणजे त्या वर्षाची फुलेही जातात, बीही जाते आणि त्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्या व शिंजीर यांचे खाणेही जाते. खऱ्या आपट्याचे नुकसान वेगळ्या प्रकारचे आहे. पावसाळा संपून स्वच्छ ऊन पडू लागते, तेव्हा पाने भरपूर अन्न तयार करतात, आणि पानगळीनंतर नवी पालवी व फुले येतात ती या साठ्यावर. ऐन त्या काळात फांद्या ओरबाडल्या की झाड मरत नाही, पण त्याची पुढची सगळी शक्ती मोडलेले भरून काढण्यात जाते. डोंगरउतारावर दरवर्षी तोडले जाणारे आपटे खुरटलेल्या झुडपांसारखे का दिसतात, याचे एक कारण हे आहे.

आणि शमी? तिच्याबाबतीत तर घोटाळा अधिकच आहे. खरी शमी, जिला आपल्याकडे सौंदड म्हणतात आणि राजस्थानात खेजडी, ती कोरड्या मुलखातली. ती पाहायची असेल तर कृष्णाकाठ सोडून जत-आटपाडीच्या बाजूला, कमी पावसाच्या माळावर जावे. रोपवाटिकांत ‘शमी’ म्हणून कुंडीत जे मिळते ते पुष्कळदा सिगमकाटीचे रोप असते. फुलापर्यंत थांबलात तर ओळख सोपी आहे: शमीचा तुरा सगळा पिवळसर असतो, सिगमकाटीचा मात्र अर्धा गुलाबी आणि अर्धा पिवळा.

हे सगळे ज्या मुद्द्यासाठी सांगितले, तो आता सांगतो. पाने वाटण्याला आधार म्हणून आपण शास्त्राकडे बोट दाखवतो, म्हणून एकदा शास्त्रच उघडून पाहावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी लिहिलेला ‘धर्मसिंधु’ महाराष्ट्रातल्या पंचांगकर्त्यांचा आणि पुरोहितांचा रोजचा ग्रंथ आहे. त्यात विजयादशमीची कृत्ये सांगितली आहेत: अपराजितापूजन, सीमोल्लंघन, शमीपूजन आणि देशांतरास निघणाऱ्याचे प्रस्थान. अपराह्णी गावाच्या ईशान्येस जावे, स्वच्छ जागी चंदनाने अष्टदल काढून मध्ये अपराजिता आणि दोन बाजूंना जया व विजया यांना पूजावे, मग शमीपाशी जाऊन तिची पूजा करावी, आणि शमी नसेल तर अश्मंतकाची, म्हणजे आपट्याची, करावी. थोडक्यात आपटा हा मुळात पर्यायी मानकरी आहे. पूजा झाल्यावर घरी काय आणायचे? शमीच्या मुळाशी असलेली ओली माती, अक्षतांसह, वाजतगाजत आणायची.

माती, श्रोतेहो. फांदी नव्हे. विधी असा आहे की माणसाने झाडाकडे जायचे, गावाची शीव ओलांडून जायचे, आणि येताना चिमूटभर माती आणायची. आपण काय केले? झाडालाच टेम्पोत घालून मंडईत आणले आणि स्वतः शीव ओलांडायचे सोडून दिले. आपल्या भागात याला शिलंगण म्हणतात. पालखी शिवेवर जाते, तिथे पूजा होते आणि सोने लुटले जाते, इथवर खेड्यांत अजून शिल्लक आहे. साताऱ्यात जलमंदिरापासून पोवई नाक्यापर्यंत भवानी तलवारीची मिरवणूक निघते, तीही त्याच जाण्याची खूण. शहरातल्या आपल्या दसऱ्यात मात्र जाणे राहिलेले नाही, फक्त आणणे राहिले आहे.

‘पण रघुराजाच्या गोष्टीत पानांचेच सोने झाले ना?’ हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी येतो, म्हणून तो येण्यापूर्वीच उत्तर देतो. वरतंतूंचा शिष्य कौत्स, त्याच्यावर चौदा कोटींच्या गुरुदक्षिणेचा भार, आणि विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेला रघू, ही कथा ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात आहे. रघू कुबेरावर चाल करून जायचे ठरवतो आणि सकाळी अधिकारी येऊन सांगतात की आकाशातून सोन्याची वृष्टी झाली आहे. कुठे झाली? कोषागारात. कालिदासाने तिथे झाड लावलेले नाही आणि दसराही घातलेला नाही. शमीची वा आपट्याची पाने ही लोकांनी पुढे घातलेली भर आहे. ती सुंदर आहे, मला तिच्याविषयी तक्रार नाही. परंतु मूळ कथेत अयोध्येच्या लोकांनी ज्याचे कौतुक केले ते असे की, देणारा मागितल्यापेक्षा जास्त देऊ पाहतो आणि घेणारा गुरूला द्यायचे तेवढ्याहून अधिक घेत नाही. घेणाऱ्याच्या त्या मापाचे आपण एका जुडीऐवजी पाच जुड्या घेताना काय करतो, ते आपापल्या घरी पाहावे.

यावर पर्याय काय, तर तो घरातच असतो. घटाभोवतीच्या मातीत नऊ दिवस उगवलेले धान्य दसऱ्याला टोपीत, फेट्यात तुरा म्हणून खोवायची आपली जुनी रीत आहे. तेच तुरे वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावेत. ज्यांना पानच हवे त्यांनी एक पान द्यावे, आणि झाडाची ओळख पटल्याशिवाय तोडू नये.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे आणि तिच्यावर जो आकडा आहे तो मिनिटांचा आहे. तेव्हा पत्रिकेवरचा विषय आता झपाट्याने.

हत्यारांची पूजा खंडेनवमीला होते आणि ती हत्यार जिथे असते तिथे, त्याला त्या दिवसापुरते थांबवून होते. शेतकऱ्याचा नांगर, मिरजेच्या कारागिराची तंबोरा घडवायची अवजारे आणि कारखान्यातले लेथ, सगळ्यांना हीच रीत लागू आहे. लेथबाबत एक सूचना: ओले गंध आणि कुंकू घासलेल्या उघड्या बिडाच्या बेडवर लावू नका. ओलीने तिथे गंज धरतो आणि कण सरकत्या भागाखाली गेले की ओरखडे पडतात. आधी तेलाचा हात फिरवावा, गंध रंगवलेल्या भागावर लावावे आणि दुसऱ्या दिवशी मशीन चालू करण्यापूर्वी बेड पुसून घ्यावा. गाडीचा हार काचेवर आणि रेडिएटरच्या जाळीवर लोंबत ठेवून हमरस्त्यावर जाऊ नये. चाकाखाली लिंबू ठेवायचे तर गाडी पुढे घेण्यापूर्वी समोरचे लहान मूल कोणीतरी धरून ठेवावे.

नव्या व्यवहाराचे म्हणाल तर दसरा साडेतीन मुहूर्तांतला पूर्ण मुहूर्त, त्यामुळे दिवसातली वेगळी घटका शोधावी लागत नाही, अशी आपली समजूत आहे. सीमोल्लंघनाला मात्र अपराह्ण धरला आहे: दिवसाचे पाच भाग केले तर चौथा, म्हणजे आश्विनात साधारण दुपारी दीड ते पावणेचार. या तिथीलाच निघायचे याचे कारण हवामानातही आहे. पाऊस ओसरतो, नद्यांना उतार मिळतो, रानात चारा असतो, खरीप हाती येऊ लागतो. मराठ्यांच्या फौजा मुलूखगिरीला याच सुमारास बाहेर पडत.

याचे आजचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या साखर कारखान्यांत दिसते. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, पाहुणे येतात, नारळ फुटतो. पण ऊस त्या दिवशी गव्हाणीत पडत नाही. गाळप शासन ठरवेल त्या तारखेला, उसाची पक्वता आणि तोडणीच्या टोळ्या पाहून सुरू होते. काही महिने थंड असलेल्या भट्टीच्या विटांत ओल मुरलेली असते. एकदम कडक आच दिली तर तिची वाफ होऊन अस्तराला तडे जातात, म्हणून मंद जाळावर हळूहळू तापवावे लागते. मुहूर्ताचा तो पहिला जाळ आणि भट्टी वाळवण्याचा पहिला जाळ एकच असू शकतो. नवे दुकान, नवा व्यवसाय सुरू करणाऱ्यांनीही दसऱ्याला असेच काम ठेवावे, जे त्या दिवशी खरोखर सुरू होऊ शकते: जागेचा करार, पहिल्या मालाची मागणी, वहीतली पहिली नोंद. अर्धे फर्निचर झालेल्या दुकानाची फीत मुहूर्त टळू नये म्हणून कापली जाते आणि मग दिवाळीपर्यंत आत सुतार ठोकत असतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

घड्याळ झाले. कोणाला पान ओळखून घ्यायचे असेल तर आपटा आणि कांचन यांची एकेक वाळलेली शेंग मी पिशवीत आणली आहे, दाराशी थांबतो.