पहिला अर्थ आणि दोन राजीनामे

मंडळी, आज एक छोटी गोष्ट सांगायची आहे, पण मधे मधे थांबत. गोष्ट रचलेली आहे. तिच्यातली विद्यार्थिनी आणि तिच्या हातातला जुना कागद, दोन्ही मी जुळवलेले. कागदातले शब्द, त्यांचे अर्थ आणि वतनाचा तंटा तोडण्याची रीत मात्र पेशवाईतली, खरी आहे.

मुलीला आपण शर्वरी म्हणू. इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तीन हजार शब्दांचा निबंध लिहायचा आहे, त्याचे गुण अंतिम निकालात धरले जाणार आहेत आणि पुढच्या प्रवेशाची भिस्त त्याच्यावर आहे. तिला मोडी येते थोडीफार, पण हा कागद बाळबोधीत छापलेलाच मिळाला. एका गावच्या पाटिलकीवरून दोन भाऊबंदांत तंटा लागलेला, त्याचा निवाडा. कागदातला मधला भाग असा:

“उभयतां वादी पंचाइतीस राजी होऊन राजीनामे लिहून दिल्हे. जामीन दिल्हे. अग्रवादी याची तकरीर घेतली, पश्चिमवादी याची तकरीर घेतली. मनास आणितां पश्चिमवादी खरा जाला, अग्रवादी खोटा जाला. सबब पाटिलकी पश्चिमवादी याणें खावी. हरकी रुपये दोनशें, गुन्हेगारी रुपये सवाशें.”

पाचसहा ओळी. शर्वरीनं प्रामाणिकपणे अडलेले शब्द अधोरेखित केले आणि घरातला विद्यार्थ्यांसाठीचा मराठी शब्दकोश उघडला. राजीनामा: पद सोडत असल्याचं पत्र. पश्चिम: सूर्य मावळण्याची दिशा. गुन्हेगारी: गुन्हे करण्याची प्रवृत्ती किंवा कृत्य. प्रत्येक नोंदीत पुढे दोन, तीन असे आकडे होते, तिथवर तिचं बोट गेलंच नाही. अर्थ मिळाला, वही भरली.

मग निबंध उभा राहिला आणि तो देखणा उभा राहिला. त्यात ती म्हणते, भावकीच्या त्रासाला कंटाळून दोन्ही पाटलांनी पदांचे राजीनामे दिले. एवढ्यावरून दिसतं की वतनाची ओढ आपण समजतो तितकी नव्हती. वाद गावच्या पश्चिमेकडच्या वस्तीचा आणि पुढच्या आळीचा होता. आणि वतनाच्या भांडणातून गावात गुन्हेगारी वाढली होती, तिची किंमत सव्वाशे रुपये ठरली. तीन चुका एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या की त्यांची भिंत होते. एकेकटी असती तर डोळ्यांत खुपली असती.

इथे पहिल्यांदा थांबू. कोशातला पहिला अर्थ पहिला का असतो? शब्दाचा खरा किंवा मुख्य अर्थ तोच, असं आपण गृहीत धरतो. पण क्रम लावण्याच्या रीती निरनिराळ्या असतात. शाळा-कॉलेजसाठीच्या कोशात आज सर्वांत जास्त चालणारा अर्थ आधी येतो, कारण वाचकाला बहुतेक वेळा तोच हवा असतो. इंग्रजीचा मोठा ऑक्सफर्ड कोश सर्वांत जुना अर्थ आधी ठेवतो, मग तो अर्थ कधीचा मेलेला का असेना. काही कोश मूळ धातूला जवळचा अर्थ आधी घेतात. ही रीत प्रस्तावनेत सांगितलेली असते, आणि कोशातलं सर्वांत कमी वाचलं जाणारं पान तेच.

‘पश्चिम’ हा शब्द त्यासाठी फार चांगला नमुना आहे. मोनियर विल्यम्सच्या संस्कृत कोशात पश्चिम म्हणजे आधी मागचा, नंतरचा, शेवटचा. दिशा मागाहून येते. पूर्वेकडे तोंड करून उभा राहिलेल्या माणसाच्या पाठीमागे जे असतं ते पश्चिम, आणि उजव्या हाताला दक्षिण. म्हणून पूर्व म्हणजे आधीचं आणि पश्चिम म्हणजे मागाहूनचं. मराठी कोशात आज दिशा पुढे आली आणि ‘मागचा’ हा अर्थ मागे पडला. शब्द एकच, दोन कोशांत क्रम उलटा. अग्रवादी म्हणजे आधी दाद मागणारा, आज आपण फिर्यादी म्हणू तो. पश्चिमवादी म्हणजे मागाहून उत्तर देणारा, प्रतिवादी. गावच्या नकाशाशी त्याचा काडीइतका संबंध नाही.

आता राजीनाम्याकडे येतो. माझ्या मते सगळ्या निबंधाची नाडी त्या शब्दात होती.

‘राजी’ मूळ अरबी, म्हणजे संतुष्ट, कबूल. ‘नामा’ फार्सी, म्हणजे लेख. राजीनामा म्हणजे राजीपणाचा लेख, संमतिपत्र. पंचाइतीपुढे वाद घेऊन आलेल्या दोन्ही पक्षांकडून पहिल्याच पायरीला हे लिहून घेत: पंच जो निवाडा करतील तो आम्हांला मान्य, मागाहून फिरणार नाही. त्याच्या जोडीला जामीन घेत. हे का लागायचं, तर पंचाइतीचा निवाडा मानायला दोन्ही बाजू आधीच बांधलेल्या नसतील, तर हरलेला दुसऱ्या दिवशी नवे पंच मागायला मोकळा. तो बांध म्हणजे राजीनामा. त्यानंतर तकरीर, म्हणजे ज्यानं त्यानं आपली हकीगत लिहून द्यायची. मग पुरावा, मग निवाडा. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी घेई, हर्षाची म्हणून. आणि हरणाऱ्याकडून दंड घेई, त्या दंडाचं नाव गुन्हेगारी. म्हणजे शर्वरीला जे गावातले गुन्हे वाटले, ते सरकारात भरायचे सव्वाशे रुपये होते. गावात एक चोरीसुद्धा झालेली नव्हती.

मग संमतिपत्राचं पदत्याग कसं झालं? मुंबई इलाख्यातल्या जमीनमहसुलाच्या कागदांत याची मधली पायरी दिसते. शेतकरी जमीन सोडायला राजी असल्याचं लिहून देई, तो राजीनामा. आणि नवा धारक सारा भरायला कबूल असल्याचं लिहून देई, ती कबुलायत. इथे राजीपणा सोडण्याला चिकटला. जमीन सोडण्याच्या लेखाला चाललेला शब्द नोकरी सोडण्याच्या लेखाला चालायला फारसा वेळ लागत नाही. हळूहळू ‘सोडणं’ एवढंच उरलं आणि ‘राजी’ त्यातून ऐकू येईना. हिंदी पट्ट्यातल्या कोर्टांत मात्र आजही राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांतली तडजोड. एकाच शब्दाला एका भाषेनं भांडण मिटवायला ठेवलं, दुसरीनं खुर्ची सोडायला.

परत गोष्टीकडे. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक निबंध उलटून बघतात. हस्ताक्षराचं, मांडणीचं कौतुक करतात. मग एवढंच विचारतात:

“बाळ, दोघांनीही राजीनामे दिले म्हणतेस. मग पंचांनी पाटिलकी दिली कुणाला?”

“सर, पश्चिमवादीला.”

“राजीनामा दिलेल्या माणसाला?”

शर्वरी गप्प. थोड्या वेळानं ती म्हणते, “सर, कोशात तसाच अर्थ आहे.”

“आहे ना. पहिला.” परीक्षक मूळ कागदाची प्रत तिच्याकडे सरकवतात आणि एका शब्दावर पेन्सिल टेकवतात. शब्द राजीनामे नाही. त्याच्या दोन शब्द अलीकडचा: राजी.

इथेच मला तुम्हांला सर्वांत जास्त वेळ थांबवायचं आहे, कारण कागद स्वतःच अर्थ सांगत होता. “पंचाइतीस राजी होऊन राजीनामे लिहून दिल्हे.” लिहिणाऱ्यानं शब्द आणि त्याची फोड शेजारीशेजारी ठेवली आहे. ‘राजी’ सोपा म्हणून तिनं अधोरेखित केला नाही, ‘राजीनामे’ अवघड म्हणून कोशात नेला, आणि नेताना तो शेजाऱ्यापासून तोडला. कोश बघायची ही चूक फार सर्रास होते: नाम उचललं जातं, वाक्य मागे राहतं.

वाक्य धरून बसली असती तर तीन ठिकाणी अडली असती. एक, राजीनामा कशाचा? पदाचा असता तर ‘पाटिलकीचा’ असं कुठेतरी आलं असतं. इथे षष्ठी नाहीच, उलट ‘पंचाइतीस राजी’ अशी चतुर्थी आहे. दोन, देणारे उभयतां आहेत. पाटिलकी कुणाची हाच तर तंटा. मग जे अजून कुणाचं ठरलं नाही ते दोघं सोडणार कसं? तीन, जागा. राजीनामे तकरिरीच्या आधी आले आहेत, म्हणजे खटल्याची ती सुरुवात आहे, शेवट नव्हे. यातल्या एका खुणेवर भागत नाही, कारण जुने कारकून विभक्तीत ढिलाई करतात. तिन्ही एका दिशेनं बोलल्या की मात्र कोशाचा पहिला अर्थ खाली ठेवावा.

आणि खाली ठेवल्यावर काय उचलावं? दाते-कर्वे मंडळींच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे 1932 ते 1938 या काळात निघालेले सात खंड आहेत. नोंद शेवटपर्यंत वाचायची. फार्सी वळणाचा शब्द असेल तर माधवराव पटवर्धनांचा 1925चा फार्सी-मराठी कोश. पण कोशापेक्षाही कागदांनी कागद वाचावा. वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांत, भारत इतिहास संशोधक मंडळानं छापलेल्या कागदांत असे निवाडे आहेत. तोच शब्द पाचसहा निवाड्यांत शोधायचा, प्रत्येक वेळी कोण देतो, कुणाला देतो, आधी काय झालं, नंतर काय झालं, एवढं चिठ्ठीवर उतरवायचं. अर्थ त्या चिठ्ठ्या एकत्र ठेवल्या की दिसतो. याला एक मर्यादा आहे: पाचही कागद एकाच दप्तरातले असले तर ती एका कारकुनाची लकब निघू शकते. म्हणून दोन तरी वेगळ्या परगण्यांतले घ्यावेत.

शर्वरीचा निबंध टिकला नाही. चुकीचा शब्द बदलून भागण्यासारखं नव्हतं. वतनाची ओढ कमी झाली होती हा सगळा सिद्धान्तच दोन राजीनाम्यांवर उभा होता. गुण पडायचे तेवढे पडले. कागद मात्र तिनं परत घरी नेला. त्या रात्री तिनं चिठ्ठ्या कापल्या आणि पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं: राजीनामा, देणारे दोघंही वादी, घेणारी पंचाईत, तकरिरीच्या आधी. पश्चिमवादी आणि गुन्हेगारी यांच्याही चिठ्ठ्या झाल्या. मग जो शब्द तिला पहिल्या दिवशी सोपा वाटला होता, त्याच्याशी ती अडखळली. पाटिलकी पश्चिमवादी याणें खावी. खाणे. कोशात तिनं या वेळी पहिल्या अर्थावर बोट ठेवलं आणि तिथून ओळीओळीनं खाली सरकवत नेलं.