अकरा सीटांचा हिशोब : शाळेच्या व्हॅनचं परमिट, शुल्क आणि पालकांशी करार

व्हॅनवाले आणि पालक दोघेही इथे बसलेत, ते बरं झालं. कारण दोघांचं भांडण बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर होतं. दिवाळीत गाडी धावली नाही, मग पैसे कसले? त्याचं उत्तर पेट्रोल पंपावर शोधायचं नाही, ते आरसी बुकात मिळतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिलं बघायचं ते नंबरप्लेटचा रंग. पांढऱ्या प्लेटची गाडी खासगी. तिच्यात स्वतःच्या मुलांना शाळेत सोडा, काही अडचण नाही. शेजाऱ्यांच्या मुलांना महिन्याचे पैसे घेऊन नेलं की ती भाड्याची वाहतूक झाली. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ६६ प्रमाणे त्याला परमिट लागतं. परमिट नसेल तर कलम १९२अ खाली १० हजारांचा दंड आणि कैदही होऊ शकते. पण दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वाहतूक चालत नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. अपघात झाला की विमा कंपनी सगळ्यात आधी तेच पान उघडते.

तेव्हा गाडी व्यावसायिक नोंदणीची, पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं, आरटीओचं परमिट आणि चालू पासिंग. व्यावसायिक गाडी ८ वर्षांची होईपर्यंत पासिंग दर दोन वर्षांनी करावं लागतं, त्यानंतर दरवर्षी. लायसन्सबद्दल गैरसमज खूप आहेत. साडेसात हजार किलोपर्यंतची व्यावसायिक गाडी चालवायला हलक्या वाहनाचं साधं लायसन्स पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये स्पष्ट केलं आहे. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११चे स्वतंत्र नियम आहेत. त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. धंदा सुरू करण्याआधी या समितीकडे जा. थांबे आणि वेळा तिथेच ठरवून घेतल्या की पुढे फाटकावर वाद होत नाहीत.

आता आरसी बुकातला आकडा. समजा, आसनक्षमता १३ लिहिली आहे. हे ऐकून व्हॅनवाले १३ मुलं मोजतात आणि तिथेच चुकतात. या १३मध्ये चालक धरलेला असतो. मुलांवर लक्ष ठेवायला मदतनीस ताई हवी, मुली असतील तर हवीच, आणि तिलाही सीट लागते. उरल्या ११. सकाळच्या शाळेची एक फेरी आणि दुपारच्या शाळेची एक, म्हणजे जास्तीत जास्त २२ मुलं. आपला सगळा धंदा या २२ आकड्यात बसवायचा आहे.

वर्षाचा खर्च मांडू. आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. चालकाचा पगार महिना १६ हजार. स्वतः चालवत असाल तरी तो धराच, नाहीतर नफा झाला असं वाटत राहतं आणि प्रत्यक्षात तुमचीच मजुरी खाल्ली जाते. मदतनिसाचे ८ हजार, कर्जाचा हप्ता १५ हजार. विमा, कर, पासिंग मिळून वर्षाला ६० हजार. हे सगळं वर्षाला ५ लाख २८ हजार होतं, आणि गाडी दारात उभी राहिली तरी ते द्यावंच लागतं.

धावण्याचा खर्च वेगळा. रोज ४८ किलोमीटर, त्यातले बरेच रिकामे, कारण मुलांना सोडून परत यावंच लागतं. शाळेचे २२० दिवस धरले तर १०,५६० किलोमीटर. किलोला १६ किलोमीटर या हिशोबाने ६६० किलो सीएनजी, ९० रुपयांनी ५९,४००. टायर, सर्व्हिसिंग, दुरुस्ती ३६,६००. म्हणजे ९६ हजार. एकूण ६ लाख २४ हजार.

यात इंधन किती? शंभरातले साडेनऊ रुपये. मुलगा आठवडाभर आजारी पडला तरी व्हॅनवाल्याचं काही वाचत नाही, कारण गाडी त्याच रस्त्याने जाते आणि त्याची सीट रिकामी राहते. पालक दिवसांचे पैसे देत नसतात, सीट वर्षभर राखून ठेवण्याचे देत असतात. हे प्रवेशाच्या वेळी नीट सांगितलं तर दिवाळीचं भांडण होत नाही. उलट बाजूही आहे. सीएनजी किलोमागे १० रुपयांनी वाढला, तर वर्षाला ६,६०० रुपये वाढतात. २० मुलांत वाटले तर वर्षाला ३३० रुपये होतात. इंधन वाढलं म्हणून महिन्याला दोनशे वाढवणाऱ्याला हा हिशोब दाखवा.

अडीअडचणीसाठी दहा टक्के धरले की ६,८६,४०० होतात. आता भागायचे कितीने? २२ने भागलं तर मुलामागे वर्षाला ३१,२००. आकडा आकर्षक दिसतो, पण ऑगस्टमध्ये दोन मुलं गळाली आणि जागा भरल्या नाहीत, तर जवळजवळ सगळी दहा टक्के गेली. म्हणून भागाकार २०ने करावा : ३४,३२०. तो अकरा हप्त्यांत घेतला तर महिना ३,१२०, बारात घेतला तर २,८६०. मे महिन्याचे पैसे हा वाद खरं तर एवढाच आहे. करारात वार्षिक रक्कम आधी लिहा आणि हप्ते नंतर, मग मेचा प्रश्नच उरत नाही.

या हिशोबातच जास्त मुलं कोंबण्याचं कारणही दिसतं. फेरीत तीन जास्त घेतली तर वर्षाला दोन लाखांवर येतात आणि कलम १९४अ प्रमाणे दंड माणशी फक्त २०० रुपये. पण पॉलिसीत असतील तेवढ्याच प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनी घेते. बाकीच्यांची भरपाई गाडीमालकाच्या घरातून जाते. पालकांना ओळखायला सोपं आहे : पुढच्या सीटवर दोन मुलं, दोन सीटांमध्ये लाकडी बाकडं, मांडीवर दप्तरं. मोठा भाऊ धाकट्याला मांडीवर घेऊन बसला असेल तर तीही एक जादा सवारीच.

करारात थांबण्याची वेळ लिहिली नाही, तर वेळापत्रक दोन आठवड्यांत कोलमडतं. दर थांब्यावर दोन मिनिटं ठरली आणि सगळ्यांनी एकेक मिनिट जास्त घेतलं, तर शाळेत ११ मिनिटं उशिरा पोचाल. ती ११ मिनिटं चालक वेगाने भरून काढायला बघतो. दोन मिनिटांनंतर गाडी निघेल, आणि पालकांनी स्वतः सोडायचं, असं लिहून सही घ्या.

परतीच्या वेळी मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं, त्या दोन-तीन व्यक्तींची नावं आणि फोटो करारात हवेत. घरी कोणी नसेल तर मूल गाडीतच ठेवायचं, फोन करायचा आणि फेरी संपल्यावर पुन्हा यायचं. दारात सोडून पुढे जायचं नाही. मदतनिसाने चढताना आणि उतरताना यादीवर खूण करायची. फेरी संपली की शेवटच्या सीटपर्यंत जाऊन खालीही बघायचं, कारण सीटवर झोपलेलं लहान मूल पुढून दिसत नाही.

शेवटचं कलम बदली गाडीचं. व्हॅन बिघडली की व्हॅनवाला ओळखीच्या कोणाची पांढऱ्या प्लेटची गाडी पाठवतो, आणि वर्षभर सांभाळलेला विमा त्या एका दिवशी कामी येत नाही. करारात लिहा : बदली गाडी परमिटचीच असेल, तिचा नंबर आणि चालकाचं नाव सकाळी निघण्याआधी पालकांना कळवलं जाईल. नसेल मिळत, तर त्या दिवशी मुलांना पालक सोडतील आणि त्या दिवसाचे पैसे पुढच्या हप्त्यातून वळते होतील.